आवर्त ठेव : सूत्र आणि तक्ता

एक उदाहरण घेऊ. दरमहा १,००० रुपये, चार महिने, व्याज दरमहा १ टक्का, चक्रवाढ. विद्यार्थी बहुधा वार्षिकीचं पाठ असलेलं सूत्र लावतात:

१००० × [(१.०१)^४ − १] ÷ ०.०१ = ४,०६०.४०

हे उत्तर बरोबर आहे का, हे त्याच सूत्राला विचारून कळणार नाही. म्हणून आपण तक्ता मांडू. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला, असं धरू.

| महिना | हप्ता भरल्यावर | व्याज | महिनाअखेर |
|---|---|---|---|
| १ | १,०००.०० | १०.०० | १,०१०.०० |
| २ | २,०१०.०० | २०.१० | २,०३०.१० |
| ३ | ३,०३०.१० | ३०.३० | ३,०६०.४० |
| ४ | ४,०६०.४० | ४०.६० | ४,१०१.०० |

सूत्राचा आकडा शेवटच्या ओळीत सापडला, पण दुसऱ्या रकान्यात, म्हणजे शेवटचं व्याज मिळण्याआधी! कारण ते सूत्र हप्ता महिनाअखेरीस भरला असं मानतं. आपली रक्कम मात्र आणखी एक महिना ठेवीत राहते. म्हणून उत्तराला १.०१ ने गुणायचं: ४,१०१.०१.

आता तक्त्याशी एका पैशाचा फरक उरला. तो प्रत्येक ओळीत व्याज पैशापर्यंत पूर्ण केल्यामुळे येतो, तो चालेल. ४० रुपये ६० पैशांचा फरक मात्र चालणार नाही, कारण ते एका अख्ख्या महिन्याचं व्याज आहे. फरक केवढा आहे, यावरूनच चूक कुठली ते ओळखायचं.

एक मर्यादा लक्षात ठेवू. आपल्याकडे बँका आवर्त ठेवीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात. त्यामुळे पासबुकाशी ताळा करायचा, तर तक्त्यातलं व्याजही दर तीन महिन्यांनीच मुदलात मिळवावं लागेल.