टाइलच्या पाठीवरचा बाण

कार्पेट टाइल उलटी केली की पाठीवर छापलेला एक बाण दिसतो. ऑफिसच्या फरशीचे रूप पुढची आठ-दहा वर्षे कसे राहणार, हे बरेचसे या बाणावर ठरते. तरीही कोटेशन मागवताना चर्चा होते ती रंगाची आणि चौरस फुटाच्या दराची. बाण कुठल्या दिशेला राहील, भिंतीलगत किती रुंद तुकडा येईल आणि काम संपल्यावर किती टाइल्स शिल्लक ठेवायच्या, हे तीन प्रश्न बहुतेक वेळा कारागिरावर सोडून दिले जातात. खरे तर तिन्हींची उत्तरे गोंदाचा डबा उघडण्याआधी कागदावर मांडता येतात.

बाण दाखवतो तो लवेचा कल. कार्पेटच्या वरच्या बाजूचे धागे सरळ उभे नसतात, ते किंचित एका बाजूला झुकलेले असतात. मखमलीवर एका दिशेने हात फिरवला की ती गडद दिसते आणि उलट फिरवला की उजळते, तसेच इथेही होते. रंग एकच असतो, पण बघणारा लवेच्या कलाच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर छटा बदलते. खिडकीतून तिरपा उजेड येत असेल तर हा फरक आणखी ठळक दिसतो. शंभर टाइल्सचे बाण एका दिशेला असताना एकच टाइल फिरली, तर त्या जागी डाग पडल्यासारखा चौकोन दिसतो, आणि तो कितीही पुसला तरी जात नाही.

बाण मांडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत सगळे बाण एकाच दिशेला ठेवतात. यात सांधे कमी जाणवतात आणि जमीन सलग गालिच्यासारखी दिसते. पण टाइल्समधला रंगाचा बारीकसा फरकही यात लपत नाही. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पुढची टाइल नव्वद अंशांनी फिरवतात. त्यामुळे बुद्धिबळाच्या पटासारखी हलकी छटा तयार होते आणि डाग, झीज व पुढेमागे बदललेली टाइल तिच्यात मिसळून जाते. रेघांच्या डिझाइनमध्ये टाइल्स विटांच्या थरासारख्या अर्ध्याने सरकवूनही लावतात. यातली कुठली पद्धत चालेल हे मनाने ठरवायचे नसते. प्रत्येक डिझाइनसाठी उत्पादक ती सांगतो आणि बहुधा खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर तिची आकृतीही असते.

दिशेच्या या बंधनातून सुटण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. रे अँडरसन यांनी 1973 मध्ये जॉर्जिया राज्यात सुरू केलेल्या इंटरफेस या कंपनीसाठी डेव्हिड ओकी या डिझायनरने 2000 साली ‘एन्ट्रॉपी’ नावाची टाइल आणली. जंगलातल्या जमिनीवर पाने आणि काटक्या कशाही पडलेल्या असतात, तरी सगळे एकजीव दिसते. हे पाहून त्यांनी अशा टाइल्स केल्या की एक टाइल दुसरीची हुबेहूब नक्कल नसते, फक्त तिच्या जवळची असते. त्या कुठल्याही दिशेने लावता येतात आणि वेगळ्या लॉटची टाइलही मध्ये डोळ्यांवर येत नाही. आज अनेक कंपन्यांच्या यादीत अशा दिशामुक्त टाइल्स मिळतात. सतत बैठकव्यवस्था बदलणाऱ्या ऑफिसने रंग निवडतानाच त्यांचा विचार करावा. मात्र साध्या एकरंगी किंवा रेघांच्या टाइलला ही मोकळीक नसते. तिथे बाण पाळावाच लागतो.

आता कडांकडे वळू. समजा, एक बैठकीची खोली 9.20 मीटर लांब आणि 6.30 मीटर रुंद आहे. बाजारात सर्रास मिळणारी टाइल 50 सेंटिमीटरची चौरस असते. काम कोपऱ्यातून सुरू केले तर लांबीत 18 टाइल्स पूर्ण बसतात आणि शेवटच्या भिंतीशी 20 सेंटिमीटरची पट्टी उरते. ती पट्टी नेमकी दाराच्या बाजूला आली, तर सगळ्यात जास्त पावले तिच्यावरच पडतात आणि अरुंद तुकडा लवकर उचकटतो. म्हणून जाणकार कारागीर कोपऱ्यातून सुरुवात करत नाही. तो दोन्ही बाजूंचे मध्य काढतो, खडूची दोरी मारतो आणि जमिनीच्या मध्यावर अधिकचे चिन्ह काढून गुण्या तपासतो. त्यासाठी एका रेघेवर 90 आणि दुसरीवर 120 सेंटिमीटरवर खूण करायची. दोन खुणांमधले अंतर बरोबर 150 भरले तर कोन काटकोन आहे.

पण मध्यावरून सुरुवात केली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. मध्यरेषेवर दोन टाइल्सचा सांधा ठेवला, तर आपल्या खोलीत प्रत्येक बाजूला 4.60 मीटर अंतर उरते. त्यात नऊ टाइल्स बसतात आणि दोन्ही भिंतींशी फक्त 10 सेंटिमीटरचे तुकडे येतात. रुंदीत 3.15 मीटरमध्ये सहा टाइल्स बसून 15 सेंटिमीटर उरतात. चारही भिंतींना कात्रणांची झालर लागते.

इथे उपाय सोपा आहे. सांध्याऐवजी टाइलचा मध्य रेषेवर आणायचा, म्हणजे सगळी मांडणी 25 सेंटिमीटरने सरकवायची. आता लांबीत 17 पूर्ण टाइल्स बसतात आणि दोन्ही टोकांना 35 सेंटिमीटरचे तुकडे येतात. रुंदीत 11 पूर्ण टाइल्स आणि दोन्ही कडांना 40 सेंटिमीटर. कडेचा तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा लहान नको हा नियम पाळला गेला आणि त्यासाठी वेगळा खर्चही आला नाही.

रुंद तुकड्याचा आणखी एक फायदा आहे. खोल्या क्वचितच पूर्ण गुण्यात असतात. भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन सेंटिमीटर तिरकी असेल, तर 35 सेंटिमीटरचा तुकडा निमुळता होत 32 चा होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तोच तुकडा 10 वरून 7 वर आला, तर भिंत वाकडी आहे हे खोलीत पाय ठेवताच दिसते. रेघांची टाइल असेल तर हा तिरपेपणा रेघ आणि भिंत यांच्यामध्ये आणखी उघडा पडतो. अशा वेळी रेघा सर्वात लांब आणि सर्वात जास्त दिसणाऱ्या भिंतीला समांतर ठेवायच्या आणि तिरपेपणा कपाटांमागच्या भिंतीकडे ढकलायचा.

कडेचा तुकडा मोजपट्टीने मोजून कापण्यापेक्षा जागेवर आखलेला बरा. शेवटच्या पूर्ण टाइलवर, बाणाची दिशा सांभाळून, कापायची टाइल तंतोतंत ठेवायची. तिच्यावर आणखी एक टाइल ठेवून ती भिंतीला टेकेपर्यंत सरकवायची आणि वरच्या टाइलच्या मागच्या कडेने खालच्या टाइलवर खूण करायची. मग ती टाइल उलटी करून पाठीच्या बाजूने, पोलादी पट्टी धरून, धारदार सुरीने कापायची. वरून कापले तर लवेचे धागे तुटून कड विस्कटते. कापलेली कड नेहमी भिंतीकडे आणि कारखान्यातून आलेली कड शेजारच्या टाइलकडे हवी. हाच क्रम उलटा झाला की भिंतीपासून एक टाइल अलीकडे वेडीवाकडी रेघ दिसू लागते.

काम चालू असताना देखरेख करणाऱ्याला एक तपासणी सहज करता येते. ओळीने लावलेल्या दहा टाइल्स मोजाव्यात. त्या पाच मीटर भरायला हव्यात. माप वाढले, तर कुठेतरी फट राहिली आहे किंवा सांध्यात धागे अडकले आहेत. बोटाने सांधा उघडून पाहिला की दाबले गेलेले धागे लगेच दिसतात. ती टाइल उचलून पुन्हा बसवायला मिनिटभर लागते, कारण चांगल्या कामात वापरलेला गोंद टाइलला कायमचा पकडत नाही. तो आधी पांढरट असतो. सुकून पारदर्शक आणि चिकट झाल्यावरच टाइल ठेवायची. घाईत ओल्या गोंदावर टाइल ठेवली, तर ती जमिनीला कायमची चिकटून बसू शकते आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते.

आता हिशेब खोक्यांचा. आपल्या खोलीचे क्षेत्रफळ सुमारे 58 चौरस मीटर, म्हणजे साधारण 624 चौरस फूट. एका चौरस मीटरला चार टाइल्स, म्हणून 232. एका खोक्यात 20 टाइल्स धरल्या तर 12 खोकी पुरतील असे वाटते. पण मांडणीत 19 गुणिले 13, म्हणजे 247 जागा आहेत आणि प्रत्येक जागेला एक टाइल लागते. 35 सेंटिमीटरचा तुकडा कापल्यावर उरणारी 15 सेंटिमीटरची पट्टी दुसऱ्या कडेला कामाची नाही. म्हणजे 13 खोकी लागतात आणि 13 टाइल्स उरतात. खांब, जमिनीतले विजेचे बॉक्स आणि चुकलेले काप यांत त्यातल्या काही जाणार. म्हणून मागणी 14 खोक्यांची हवी. चौदावे खोके सीलबंद ठेवायचे, दुरुस्तीसाठी.

हे खोके मूळ मागणीबरोबरच का घ्यायचे? प्रत्येक खोक्यावर लॉट क्रमांक असतो. सूत रंगवण्याच्या प्रत्येक खेपेत छटा किंचित बदलते, त्यामुळे दोन वर्षांनी तोच रंग, तोच कोड मागवला तरी टाइल वेगळी दिसू शकते. कधी ते डिझाइनच बंद झालेले असते. म्हणून माल आला की सगळ्या खोक्यांचे लॉट क्रमांक जुळतात का ते आधी पाहावे. एखाद्या खोक्याचा लॉट वेगळा निघाला तर तो त्याच खोलीत मिसळू नये. दार किंवा पार्टिशनपलीकडच्या जागेत वापरावा.

एकाच लॉटची टाइल असली तरी दुरुस्तीत एक अडचण येते. पाच वर्षे वापरलेल्या जमिनीत कोरी टाइल उठून दिसते. यावर कारागिरांची जुनी युक्ती आहे. चहा सांडून खराब झालेल्या जागी कोरी टाइल लावत नाहीत. फोटोकॉपीच्या मशीनशेजारची किंवा कोपऱ्यातली, बाकीच्या जमिनीइतकीच जुनी पण कमी वापरलेली टाइल उचलून तिथे लावतात आणि कोरी टाइल त्या आडबाजूच्या जागी बसवतात. दोन्ही ठिकाणी बाण शेजारच्या बाणांशी जुळवून घ्यायला मात्र विसरायचे नाही. टाइल काढण्यासाठी एका कोपऱ्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून तो कोपरा वर उचलायचा आणि टाइल हळूहळू ओढायची. खालचा गोंद चिकट असेल तर नव्याने लावायचीही गरज नसते.

राखीव खोके आडवे, सपाट आणि कोरड्या जागी ठेवावे. उभ्या ठेवलेल्या टाइल्स वाकतात आणि वाकलेली टाइल जमिनीवर सपाट बसत नाही. खोक्यावर जाड पेनने खोलीचे नाव, लावल्याची तारीख आणि बाणांची पद्धत लिहावी, लॉट क्रमांकाची बाजू बाहेर ठेवावी आणि त्याचा फोटो देखभालीच्या फाइलमध्ये लावावा. ऑफिसचे काम हातात घेणाऱ्यांनी ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर करण्याआधी हे खोके मोजून ताब्यात घ्यावे आणि मांडणीचा कागद, मध्यरेषा व बाणांसह, त्याच फाइलमध्ये जोडून ठेवावा.