नवख्यासाठी राखून ठेवलेली चूक

मी फावल्या वेळात एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाचं काम बघते. सॉफ्टवेअर साधंच आहे. वर्गणीदारांची यादी सीएसव्ही फाईलमध्ये दिली की ते प्रत्येकाची पावती तयार करून देतं. आम्ही चौघंजण, सगळे बिनपगारी. कुणाला काही अडलं की ते आमच्याकडे तक्रार नोंदवतात. तिला ‘इश्यू’ म्हणतात. आलेले इश्यू वाचायचे, पारखायचे आणि त्यांवर लेबलं लावायची, या कामाला दवाखान्यातलाच शब्द आहे, ट्रिआज. त्यातलं एक लेबल फार जपून लावावं लागतं: `good first issue`. नव्याने मदतीला आलेल्या माणसाने पहिल्यांदा हात घालावा असं काम, हा त्याचा अर्थ.

गणपतीच्या आधी एका मंडळाच्या खजिनदारांनी लिहिलं, “मराठी यादी चालत नाही.” एवढंच. एवढ्यावरून काहीच करता येत नाही, म्हणून मी `needs-information` लावलं आणि तीन गोष्टी मागितल्या: सॉफ्टवेअरची आवृत्ती, पडद्यावर आलेला संपूर्ण संदेश आणि खोटी नावं घातलेली दोन ओळींची फाईल. खरी यादी मागायची नाही, त्यात लोकांचे फोन नंबर असतात.

फाईल आली. माझ्याकडेही तेच झालं: ‘नाव’ हा रकाना सापडत नाही. फाईल उघडून पाहिली तर रकाना समोर दिसतोय! मग प्रोग्रॅमला रकान्यांची नावं छापायला लावली.

```
['\ufeffनाव', 'गाव', 'रक्कम']
```

‘नाव’च्या आधी एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं होतं. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून फाईल जतन केली की ते सुरुवातीला हे चिन्ह घालतं. इंग्रजी रकान्यांची फाईल तशीच जतन करून पाहिली, तीही अडली. म्हणजे दोष मराठीचा नव्हता. हे कळल्यावर जुन्या नोंदी धुंडाळल्या, तर हेच दुखणं वेगळ्या शब्दांत आणखी दोघांनी सांगितलेलं निघालं. त्या दोन्हींवर `duplicate` लावून त्या इथे जोडल्या आणि या नोंदीला `bug` लावलं.

उपाय एका शब्दाचा होता. पायथनमध्ये फाईल वाचताना एन्कोडिंग बदललं की ते चिन्ह असलं तर गाळलं जातं, नसलं तरी काही बिघडत नाही.

```
open(path, encoding="utf-8-sig", newline="")
```

मी स्वतः दोन मिनिटांत हे करून टाकलं असतं. त्याऐवजी जवळजवळ तासभर बसून नोंद नव्याने लिहिली: कारण काय, बदल कोणत्या फाईलमधल्या कोणत्या फंक्शनमध्ये करायचा, चाचणी कोणत्या फोल्डरमध्ये घालायची, ती आधी नापास आणि नंतर पास कशी व्हायला हवी. बाकीच्या तिघांना उपाय मान्य आहे याची खात्री केली आणि मगच लेबल लावलं. कुबरनेटीससारख्या अवाढव्य प्रकल्पातही अपेक्षा हीच असते, की या लेबलाच्या नोंदीत उपाय समजावलेला असावा आणि संबंधित कोडकडे बोट दाखवलेलं असावं.

काम छोटं दिसतंय म्हणून लेबल लावून मोकळं होणं, ही चूक मी पूर्वी केली आहे. पावतीवरची तारीख कशी छापायची, अशी ती नोंद होती. एका विद्यार्थ्याने तीन संध्याकाळी घालवून बदल पाठवला आणि त्यानंतर आम्ही आपसात वाद घालत बसलो, की मुळात तारीख बदलायची का. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता लेबल लावलेल्या नोंदीखाली दोन नवखे लोक “नेमकं काय अपेक्षित आहे?” असं विचारू लागले की मी ते काढून घेते.

दुसरी अडचण गर्दीची. एकाच नोंदीवर पाचजण “मला द्या” म्हणतात, एकाला दिली की तो गायब होतो आणि काम अडकून पडतं. पांडाजमध्ये पूर्वी नोंदीखाली फक्त `take` लिहिलं की ती आपल्या नावावर व्हायची. मॅटप्लॉटलिबमध्ये सहसा कुणाच्या नावावर करतच नाहीत, सरळ बदल पाठवायचा. आम्ही नाव लावतो, पण दोन आठवडे हालचाल दिसली नाही की विचारून मोकळी करतो.

एक्सेलची ती नोंद एका मुलीने घेतली. बदल आणि चाचणी दोन्ही नीट होतं. ते स्वीकारल्यावर तिने विचारलं, “आपण यादी परत फाईलमध्ये लिहितो, तिथेही हेच करू का? एकच ओळ आहे.” ओळ खरोखर एकच होती. पण लिहिताना ते चिन्ह घातलं तर एक्सेलमध्ये मराठी अक्षरं नीट उघडतात आणि तीच फाईल वाचणारे दुसरे काही प्रोग्रॅम अडखळतात. कुणाची सोय बघायची हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी तिच्या नावाने नवी नोंद उघडली आणि तिच्यावर `needs-discussion` लावलं.