“किंमत चुकून पडली” म्हणे!

दिवाळीच्या तोंडावर मोबाईलवर सेलचा पाऊस पडतो आणि त्यानंतर आठवड्याभरात आणखी एक पाऊस पडतो, तो रद्द झालेल्या ऑर्डरींचा. मेसेज साधारण एकाच साच्यातला असतो. ‘तांत्रिक कारणाने वस्तूची किंमत चुकीची दाखवली गेली होती. आपली ऑर्डर रद्द करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ पैसे चार-पाच दिवसांत परत येतात. बहुतेक जणी म्हणतात, “जाऊ दे, पैसे तर बुडले नाहीत ना!” आणि विषय तिथेच संपतो.

पण मैत्रिणींनो, पैसे परत आले म्हणजे हिशेब मिटला असं नाही. दुकानदाराने भाव सांगितला, आपण तो मान्य केला, पैसे मोजले, त्याने ‘ऑर्डर पक्की’ असं लेखी कळवलं. एवढं झाल्यावर ‘चुकून बोललो’ म्हणून मोकळं होता येतं का? याचं उत्तर ‘नेहमीच नाही’ असं आहे. कधी येतं आणि कधी नाही, ते आमच्या बचत गटातल्या एका सखीच्या प्रकरणातून चांगलं कळतं. तिचे कागद तयार करायला मी सोबत होते, म्हणून तपशिलात सांगते.

ही सखी घरी ब्लाऊज शिवते. तिने एका मोठ्या संकेतस्थळावर शिलाई मशीन पाहिलं. छापील किंमत ११,५००, सेलमधला भाव ६,४९९. बाजारात तेच मशीन नऊ हजारांच्या आसपास मिळत होतं, म्हणजे सेलमध्ये एवढी सूट असू शकते असं कुणालाही वाटावं. सोमवारी रात्री तिने यूपीआयने पूर्ण पैसे भरले. लगेच ‘आपली ऑर्डर निश्चित झाली आहे, शनिवारपर्यंत पोहोचेल’ असा ई-मेल आला. गुरुवारी तोच रद्द झाल्याचा मेसेज! शुक्रवारी आम्ही तेच पान उघडलं, तर तेच मशीन, तोच विक्रेता आणि किंमत ९,४९९. मशीन शिल्लक होतं, फक्त त्या भावात तिला द्यायचं नव्हतं.

सगळ्यात आधी आम्ही पुरावे गोळा केले. सोमवारचा ई-मेल तिच्याकडे होताच. त्यात मशीनचं नाव, किंमत, ऑर्डर क्रमांक आणि पोहोचण्याची तारीख होती. बँकेतून पैसे गेल्याची नोंद, रद्द केल्याचा मेसेज आणि शुक्रवारी वाढीव किमतीला तेच मशीन विकायला ठेवल्याचं पान, या सगळ्यांचे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढले. हे काम त्याच दिवशी करावं लागतं. दोन दिवसांनी पान बदलतं आणि आपण नुसतं तोंडी सांगत बसतो. सेलमध्ये काही महागाचं घेताना पैसे भरण्याआधीच किमतीच्या पानाचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवावा, हे मी आता गटातल्या सगळ्यांना सांगते.

ई-मेलमधला शब्दही नीट वाचायचा. काही कंपन्या आधी नुसतं ‘आपली ऑर्डर मिळाली’ एवढंच कळवतात आणि नियमावलीत बारीक अक्षरांत लिहितात की, वस्तू रवाना केल्यावरच व्यवहार पक्का होईल. तसं असेल तर आपली बाजू थोडी लंगडी पडते. ‘निश्चित झाली’, ‘रवाना झाली’ असे शब्द असतील आणि पैसेही घेतले असतील तर आपलं म्हणणं भक्कम होतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २२ सांगतं की, वस्तुस्थितीबद्दल एकाच बाजूची चूक झाली, एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, ज्या सवलतीच्या भावात माल विकायचाच नाही त्या भावाची जाहिरात करणं हा अनुचित व्यापार मानलेला आहे. गिऱ्हाईक ओढायला कमी भाव लावायचा आणि मग हात वर करायचे, ही जुनीच युक्ती आहे. ती आता मोबाईलवर आली, एवढंच.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. सिंगापूरमध्ये २००३ साली एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा जणांनी मिळून तब्बल १,६०६ प्रिंटर मागवले! प्रकरण कोर्टात गेलं आणि ग्राहक हरले. तुम्हाला ही उघड चूक आहे हे कळत होतं आणि तिचा फायदा घ्यायलाच तुम्ही इतके प्रिंटर मागवले, असा निकालाचा मथितार्थ होता. निकाल परदेशातला असला तरी त्यातला विचार पटण्यासारखा आहे. सोनाराने चुकून तोळ्याला हजार रुपये भाव लिहिला म्हणून आपण दहा तोळे द्या म्हणून अडून बसलो, तर कोण ऐकेल?

आपल्याकडचं गाजलेलं प्रकरण ओडिशातलं आहे. २०१४ साली तिथल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने अ‍ॅमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला म्हणून मागवला. ऑर्डर पक्की झाल्याचं त्याला कळवलं गेलं आणि दोनेक तासांत ती रद्द झाली. त्याला दुसरा लॅपटॉप पूर्ण किमतीत घ्यावा लागला. तो जिल्हा ग्राहक मंचात गेला, पुढे राज्य आयोगात गेला. २०२१ मध्ये राज्य आयोगाने त्याला त्रासाबद्दल ३० हजार, दंडात्मक भरपाई १० हजार आणि खर्चाचे ५ हजार द्यायला सांगितलं. इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. त्याला मिळाली ती भरपाई, १९० रुपयांत लॅपटॉप नव्हे. आणि त्यासाठी सहा वर्षं गेली.

म्हणून आमच्या सखीच्या अर्जात आम्ही मागणी दोन पायऱ्यांची ठेवली. पत्र साधं होतं. ‘अमुक क्रमांकाची ऑर्डर आपण निश्चित करून पूर्ण रक्कम घेतली. जाहिरातीतली किंमत सेलच्या काळात विश्वास बसेल अशीच होती. दुसऱ्याच दिवशी तीच वस्तू तोच विक्रेता ९,४९९ ला विकत आहे. तरी ६,४९९ रुपयांतच मशीन द्यावं. ते शक्य नसेल तर मला दुसरीकडून मशीन घ्यावं लागेल, त्या किमतीतला फरक द्यावा. परत आलेली रक्कम मी माझा हक्क राखून स्वीकारत आहे.’ हे शेवटचं वाक्य विसरायचं नाही. नाहीतर ‘पैसे घेतले म्हणजे तुम्हाला मान्य होतं’ असं उत्तर येतं.

पत्र ग्राहक सेवेच्या चॅटवर पाठवलं नाही. तिथे रोज नवा माणूस ‘आपली अडचण समजते’ एवढंच लिहितो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, पदनाम आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एक महिन्यात निवारण करायचं असतं. हे नाव बहुधा पानाच्या अगदी तळाशी असतं. ‘आम्ही फक्त बाजार मांडतो, माल विक्रेत्याचा,’ असंही कंपनी म्हणते. त्यावर विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता लेखी मागायचा. खरेदी केलेल्या ग्राहकाने मागितला तर तो द्यावा लागतो. आम्ही पत्र दोघांच्याही नावे केलं.

पोच दुसऱ्या दिवशी आली. सोबत तीनशे रुपयांचं कूपन देऊ केलं. कूपन घेतलं की तक्रार ‘निकाली’ अशी नोंद होण्याची भीती होती, म्हणून ते लेखी नाकारलं. मध्यंतरी ब्लाऊजांची कामं खोळंबली होती. तिने तालुक्याच्या दुकानातून तेच मशीन ९,३०० रुपयांना घेतलं आणि पक्कं बिल मागून घेतलं. आता तिचं नुकसान कागदावर आलं, २,८०१ रुपये. हे बिल नसतं तर ‘नुकसान काय झालं’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

अकराव्या दिवशी ‘धोरणानुसार काही करता येत नाही’ असं उत्तर आलं. मग तिने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीतूनही बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला आणि ती कंपनीकडे पाठवली. हेल्पलाईन म्हणजे कोर्ट नव्हे, ती हुकूम देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. तरी तीन आठवड्यांनी कंपनीने २,५०० रुपये तिच्या खात्यात जमा करायची तयारी दाखवली. उरलेल्या ३०१ रुपयांसाठी पुढे जायचं नाही असं तिनेच ठरवलं. मला ते व्यवहारी वाटलं.

कंपनी बधलीच नसती तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि e-jagriti.gov.in वर घरबसल्या अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणून ती ग्राहक नाही, असं कुणी म्हटलं असतं तर त्यालाही उत्तर होतं. स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारी ग्राहकच ठरते. तीच मशीनं दहा मागवून विकायची असती, तर मात्र गोष्ट वेगळी.

आता दर वेळी इतका खटाटोप करायचा का? पन्नास-शंभराच्या फरकासाठी नाही. भाव डोळ्यांना खटकावा इतका कमी असेल तर ‘त्याच किमतीत द्या’ हा हट्टही टिकणार नाही. पण भाव पटण्यासारखा असेल, पैसे घेऊन ऑर्डर पक्की केली असेल आणि वस्तू अजून विकायला असेल, तर पुढच्या वेळी ‘क्षमस्व’ वाचून मोबाईल बाजूला ठेवण्याआधी ते विक्रीचं पान एकदा उघडून बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.