श्रावणातला आठवडा, रविवारचं शूटिंग

श्रावणातल्या एका आठवड्यासाठी पाच पाककृतींचे व्हिडिओ करायचे आहेत असं धरू. सोमवारच्या उपवासाचं साबुदाण्याचं थालीपीठ, नागपंचमीची पुरणाची दिंडं, शुक्रवारची पुरणपोळी, आणि अधल्यामधल्या दिवसांसाठी वालाचं बिरडं नि अळूचं फदफदं. घरचं स्वयंपाकघर, एक मोबाइल, एक स्टँड आणि दोन माणसं. रोज एक व्हिडिओ करायचा म्हटलं तर ओटा आवरणं, दिवे लावणं, स्टँड बसवणं हे सगळं पाचदा करावं लागतं. म्हणून पाचही व्हिडिओ एकाच रविवारी चित्रित करायचे.

सुरुवात कॅमेऱ्यापासून नव्हे, कॅलेंडरपासून करावी. दिंडांचा व्हिडिओ नागपंचमीच्या सकाळी आला तर पाहणारीला हरभऱ्याची डाळ भिजवायलासुद्धा वेळ उरत नाही. तो दोन-तीन दिवस आधी यायला हवा. बिरड्याचं गणित आणखी लांबचं. वाल रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. म्हणजे रविवारी शूटिंग असेल तर वाल शुक्रवारी रात्रीच पाण्यात पडले पाहिजेत, आणि साबुदाणा शनिवारी रात्री. ही तयारी प्रसारणाच्या तारखांशेजारीच, त्याच कागदावर लिहावी. वेगळ्या वहीत लिहिलेली तयारी हटकून विसरते.

संहितेचा कागद उभा दुमडावा: डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय बोलणार. सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, त्यामुळे तीन मिनिटांच्या बोलण्याला पावणेचारशे शब्द पुरे. ‘काल आपण बिरडं केलं’ असली वाक्यं मात्र संहितेतून काढून टाकावीत. ऐनवेळी क्रम बदलावा लागला की अशा एका वाक्यापायी अख्खा व्हिडिओ अडकतो.

खरी मेहनत आहे ती शॉट-यादीची. संहिता पाककृतीप्रमाणे लिहिलेली असते, पण चित्रीकरण त्या क्रमानं करायचं नसतं. पाचही संहितांमधले शॉट सुटे करून कॅमेऱ्याच्या जागेनुसार पुन्हा मांडायचे. सकाळी, शेगडी पेटायच्या आत, चेहऱ्यासमोर बोलण्याचे पाचही तुकडे घ्यावेत. तेव्हा घाम नसतो आणि कुकरची शिट्टीही नसते. मग स्टँड टेबलावर आडवा करून पाचही पाककृतींचं साहित्य वरून टिपावं. त्यानंतर चिरणं, मळणं, सारण भरणं. प्रत्येक शॉटला पाककृतीचं अक्षर आणि क्रमांक द्यावा, ‘दिं-४’, ‘बि-२’ असा, आणि शॉट सुरू होताना तो मोठ्यानं म्हणावा. संध्याकाळी दीडशे तुकडे समोर आले की कुठलं पुरण दिंडांचं नि कुठलं पोळीचं, हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

पण शेगडीपाशी ही वाटणी थांबते. पोळीवर तूप वितळताना दाखवायचं तर पोळी तव्यावरून उतरल्याबरोबर कॅमेरा तयार हवा. थालीपीठ गार झालं की वातड दिसतं. त्यामुळे शिजवण्याचे आणि वाढण्याचे शॉट एकेका पाककृतीचे सलगच घ्यावे लागतात. फदफदं थांबू शकतं, म्हणून ते आधी, पुरण एकदाच जास्त शिजवून दिंडं आणि पोळी पाठोपाठ, थालीपीठ शेवटी. क्रम ठरवताना ‘कोण थांबू शकतं’ एवढंच विचारावं.

दोन गोष्टी हमखास दगा देतात. पहिली, बांगड्या. सकाळी बोलताना हिरव्या काचेच्या, दुपारी मळताना काढून ठेवलेल्या. प्रेक्षकाच्या नजरेला हे लगेच खटकतं. पाच साड्या बदलण्याच्या फंदात न पडता दोनच पेहराव ठेवावेत आणि हातातलं दिवसभर तेच. दुसरी गोष्ट श्रावणातला उजेड. ऊन-पावसाच्या खेळात एकाच चिरण्याच्या शॉटमध्ये ओटा पिवळा, मग करडा दिसू लागतो. खिडकीला पडदा लावून दिव्यावरच काम करावं आणि मोबाइलमधला प्रकाश नि रंगाचा समतोल कुलूपबंद करावा, म्हणजे फोन आपणहून तो बदलत राहणार नाही.

भांडी घासायच्या आधी यादी हातात घेऊन सगळे तुकडे मोठ्या पडद्यावर तपासावेत. दिंड मोडून आतलं पुरण दाखवायचा शॉट अस्पष्ट आला असेल तर उकडपात्रात अजून एक दिंड शिल्लक असताना तो पुन्हा घेता येतो. दिंडं खाऊन संपल्यावर त्या एका शॉटसाठी परत पुरण घालावं लागतं.

निवेदन दुसऱ्या दिवशी, पंखा बंद करून, पाचही व्हिडिओंचं एकाच बैठकीत रेकॉर्ड करावं; आवाजाची पट्टी सारखी राहते. तयार व्हिडिओ यूट्यूबवर खाजगी ठेवून तारीख-वेळ लावता येते, मग ते त्या वेळी आपोआप खुले होतात. बिरड्याला मात्र ठराविक सण नाही. त्याची तारीख शेवटपर्यंत मोकळी ठेवावी. दुसऱ्या एखाद्या व्हिडिओचं संकलन लांबलं तर त्या जागी बिरडं घालता येतं.