घर कंपनीचे, गाडी कंपनीची, कर कशावर?

बाणेरमधला तीन खोल्यांचा फ्लॅट. भाडे महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार. भाडे कंपनी भरते, राहतो कंपनीचा उत्पादन व्यवस्थापक. दाराशी उभी असलेली १५०० सीसीची गाडीही कंपनीचीच. पेट्रोल, विमा, दुरुस्ती, ड्रायव्हरचा पगार असा गाडीचा सगळा खर्च कंपनी करते. वर्ष संपल्यावर या गृहस्थांच्या हाती फॉर्म १६ येतो आणि त्यासोबत फॉर्म १२ बीए. त्यात घरापुढे १,६०,००० रुपये लिहिलेले असतात आणि गाडीपुढे ३२,४००. भाडे साडेपाच लाखांच्या घरात, गाडीचा खर्च लाखांत, मग हे आकडे आले कुठून?

माणूस काल्पनिक आहे, पण असे पगारपत्रक पुण्या-मुंबईच्या कोणत्याही मोठ्या कंपनीत सापडेल. पगाराव्यतिरिक्त मालकाकडून मिळणाऱ्या सोयीला आयकराच्या भाषेत ‘पर्क्विझिट’ म्हणतात, सरकारी मराठीत ‘अनुलाभ’. ही सोय पगाराचाच भाग धरली जाते. अडचण एवढीच, की सोय रुपयांत मिळत नाही आणि कर मात्र रुपयांत भरायचा असतो. घराचे बाजारभाड्याने मोल करायचे म्हटले, तर प्रत्येक फ्लॅटवरून वाद होईल. आयकर नियम १९६२ मधल्या तिसऱ्या नियमाने म्हणूनच सरळ वाट काढली. खासगी नोकरदाराच्या बाबतीत हा नियम घराकडे फारसे पाहत नाही, पगाराकडे पाहतो. गाडीच्या बाबतीत तो पेट्रोलकडे पाहत नाही, इंजिनाकडे पाहतो.

आपल्या व्यवस्थापकाचा २०२५-२६ चा हिशेब मांडू. मूळ वेतन महिना ९० हजार, विशेष भत्ता ३० हजार आणि वर्षाचा बोनस १ लाख ६० हजार. बेरीज बरोबर १६ लाख. घराच्या हिशेबासाठी ‘पगार’ म्हणजे ही १६ लाखांची रक्कम. यात करपात्र भत्ते, बोनस, कमिशन सगळे येते. महागाई भत्ता मात्र निवृत्तीच्या लाभांत धरला जात असेल, तरच मोजायचा. कंपनीने भविष्य निर्वाह निधीत भरलेला वाटा, करमुक्त भत्ते आणि इतर अनुलाभांचे मोल यात येत नाही. चुका बहुतेक इथेच होतात. घरभाडे भत्त्याच्या हिशेबात मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढेच धरायची सवय असते. त्याच सवयीने इथेही बोनस सुटतो आणि आकडा कमी लागतो.

घर कंपनीने भाड्याने घेतलेले असेल, तर प्रत्यक्ष भाडे आणि पगाराचे १० टक्के यांतली कमी रक्कम करपात्र ठरते. इथे भाडे ५,४०,००० आणि दहा टक्के म्हणजे १,६०,०००. कमी रक्कम दुसरी, तीच फॉर्मवर आली. घरात सोफा, फ्रिज, एसी असे कंपनीचे सामान असते, तर त्याच्या मूळ किमतीचे दरसाल १० टक्के वर जोडावे लागले असते. चार लाखांचे सामान असेल, तर आणखी ४० हजार. उलट कंपनी पगारातून घरापोटी काही कापून घेत असेल, तर तेवढी रक्कम वजा होते.

घर कंपनीच्या स्वतःच्या मालकीचे असेल, तर दर शहराप्रमाणे बदलतो. २०११ च्या जनगणनेनुसार ४० लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात पगाराचे १० टक्के, १५ ते ४० लाखांत साडेसात टक्के आणि त्याखाली ५ टक्के. १ सप्टेंबर २०२३ पूर्वी हेच दर अनुक्रमे १५, १० आणि साडेसात टक्के होते आणि वस्तीचे आकडे २००१ च्या जनगणनेचे होते. मुंबई अर्थातच वरच्या गटात. पुणे महापालिकेची वस्ती तेव्हा सुमारे ३१ लाख आणि नागपूरची २४ लाख, म्हणून दोन्ही मधल्या गटात. गंमत नाशिकची. महापालिका हद्दीतली वस्ती १४ लाख ८६ हजार भरली, म्हणजे पंधरा लाखांची वेस जेमतेम १४ हजारांनी हुकली आणि नाशिक खालच्या गटात गेले. गोव्यातले तर प्रत्येक शहर पाच टक्क्यांचेच. नियमात शब्द ‘शहर’ असा आहे. महापालिकेची हद्द न धरता आसपासच्या वस्तीसह नागरी समूह धरला, तर पुणे ५० लाखांवर जाते आणि नाशिक साडेपंधरा लाखांवर. म्हणजे दोन्हींचा दर बदलतो. कंपनीच्या वेतन विभागाने कोणता आकडा धरला आहे, हे विचारून ठेवलेले बरे.

आपल्या व्यवस्थापकाचा फ्लॅट कंपनीच्या मालकीचा असता, तर मोल साडेसात टक्क्यांनी १,२०,००० आले असते. आणि तो त्याच घरात दुसऱ्या वर्षी राहत असता, तर त्याहून कमी. एकाच घरात राहणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार वाढला म्हणून घर काही मोठे होत नाही, हे २०२३ च्या बदलात मान्य झाले आहे. पहिल्या वर्षाचे मोल महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात जेवढे वाढेल, त्यापेक्षा जास्त धरायचे नाही. तो २०२४-२५ मध्ये राहायला आला, तेव्हा पगार १४ लाख होता असे धरले, तर पहिले मोल १,०५,०००. त्या वर्षीचा निर्देशांक ३६३ आणि २०२५-२६ चा ३७६. गुणाकार-भागाकार करून मर्यादा येते सुमारे १,०८,७६०. म्हणजे १,२०,००० न धरता एवढीच रक्कम धरायची. पगारवाढ झाल्यावर आपोआप टक्केवारी लावणाऱ्या संगणकीय पगारपत्रकात ही मर्यादा राहून गेलेली असू शकते.

आता खरा पैशांचा प्रश्न. कंपनीने घर द्यावे, की तेवढाच घरभाडे भत्ता द्यावा?

जुन्या करप्रणालीत ४५ हजारांचा भत्ता घेऊन तेवढेच भाडे भरले, तर सूट मोजताना तीन रकमा पाहायच्या: मिळालेला भत्ता ५,४०,०००, भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा केल्यावर उरलेले ४,३२,००० आणि पुण्यासाठी मूळ वेतनाचे ४० टक्के, तेही योगायोगाने ४,३२,०००. सर्वांत कमी रक्कम करमुक्त, म्हणून करपात्र उरले १,०८,०००. कंपनीच्या घराचे मोल १,६०,०००. जुन्या प्रणालीत भत्ता सरस ठरला.

नव्या प्रणालीत पारडे उलटते. तिथे घरभाडे भत्त्याला सूटच नाही, सगळे ५,४०,००० करपात्र. घराचे मोल मात्र तसेच १,६०,०००, कारण मोल काढण्याचा नियम दोन्ही प्रणालींना एकच आहे. गाडीचे ३२,४०० दोन्हीकडे धरून आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढून नव्या प्रणालीत २०२५-२६ चा कर उपकरासह काढला, तर कंपनीच्या घरासोबत तो सुमारे १ लाख ४९ हजार येतो आणि भत्त्यासोबत २ लाख ३३ हजार. फरक ८४ हजारांचा. माणूस तोच, फ्लॅट तोच आणि कंपनीचा खर्चही तेवढाच.

पण हा फायदा कागदावर टिकायला हवा. भाडेकरार कंपनीच्या नावाने असावा आणि भाडे कंपनीने घरमालकाला थेट द्यावे. करार कर्मचाऱ्याच्या नावाने असेल आणि कंपनी त्याचे भाडे भरत असेल, तर कायद्याच्या नजरेत कंपनीने घर दिलेलेच नाही, कर्मचाऱ्याचे देणे फेडले. मग दहा टक्क्यांचा प्रश्नच येत नाही, भाड्याची सगळी रक्कम करपात्र. ‘करार नंतर बदलून घेऊ’ म्हणत वर्ष काढणाऱ्यांना हे महागात पडते.

गाडीचे गणित त्यामानाने सोपे. गाडी कंपनीची, खर्च कंपनीचा आणि वापर कामासाठीही व घरासाठीही, असे असेल तर २०२५-२६ च्या नियमांनुसार १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, त्याहून मोठ्याला २,४०० आणि ड्रायव्हर असेल तर ९०० वर. आपल्या माणसाचे झाले महिना २,७०० आणि वर्षाचे ३२,४००. त्याने महिन्यात दोनशे किलोमीटर गाडी फिरवली काय किंवा दोन हजार, आकडा हलत नाही. कंपनीने त्याच्याकडून गाडीपोटी काही कापून घेतले, तरी या प्रकारात ते वजा होत नाही. घराच्या नियमाची सवय झालेल्यांना हे खटकते, पण नियम तसाच आहे. घरून कार्यालयात जाणे-येणे हा तर मुळात लाभच धरला जात नाही. बॅटरीवरच्या गाडीला इंजिन नसते आणि नियमात इंजिनाच्या घनक्षमतेखेरीज दुसरे माप नाही, त्यामुळे ती कोणत्या गटात धरायची हा प्रश्न १९६२ च्या नियमांत अनुत्तरितच राहिला.

गाडी फक्त खासगी वापरासाठी असेल, तर मात्र ही स्वस्ताई संपते. समजा कंपनीने घरच्या मंडळींसाठी १५ लाखांची दुसरी गाडी दिली. अशा वेळी कर्मचाऱ्याने निवडलेल्या एकाच गाडीला महिन्याचा ठरीव दर लागतो, दुसरी सर्वस्वी खासगी वापराची समजली जाते. मग प्रत्यक्ष खर्च मोजायचा. पेट्रोल-देखभाल १ लाख ८० हजार, ड्रायव्हर २ लाख ४० हजार आणि झिजेपोटी किमतीच्या १० टक्के म्हणजे दीड लाख, एकूण ५ लाख ७० हजार. उलट, गाडी पूर्णपणे कार्यालयीन कामाची आहे असा दावा असेल तर मोल शून्य, पण त्यासाठी प्रत्येक प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंदवही लागते, शिवाय कंपनीचे प्रमाणपत्र. ही वही वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली असेल, तर तपासनिसाला ती ओळखायला वेळ लागत नाही.

हे सगळे तपासायची जागा म्हणजे फॉर्म १२ बीए. त्यात प्रत्येक सोयीपुढे तीन रकाने असतात: नियमाप्रमाणे मोल, कर्मचाऱ्याकडून वसूल केलेली रक्कम आणि करपात्र रक्कम. पहिली ओळ घराची, दुसरी गाडीची. घराचे मोल पगाराच्या साडेसात टक्के दिसले आणि फ्लॅट मात्र भाड्याचा असेल, तर चूक उघड आहे, कारण भाड्याच्या घराला शहराचा दर लागत नाही. वर्षाच्या मध्ये बदली होऊन काही दिवस दोन्ही गावची घरे ताब्यात असतील, तर पहिल्या ९० दिवसांसाठी कमी मोलाचे एकच घर धरलेले असायला हवे, त्यानंतर दोन्ही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. वरचा सगळा हिशेब १९६१ च्या कायद्याखालच्या शेवटच्या वर्षाचा, म्हणजे २०२५-२६ च्या विवरणपत्रासाठी आहे. त्यापुढच्या पगाराचे घर आणि गाडी नव्या कायद्याखालच्या नियमांतले दर पाहूनच मोजावे लागेल.