पुतण्या आधी वारला तर?

अमरावतीच्या एखाद्या निपुत्रिक गृहस्थाने आपले अकोल्याचे घर ‘पुतण्यास व त्याच्या मुलांस’ असे मृत्युपत्रात लिहून ठेवले आणि पुतण्याच त्याच्या आधी वारला, तर त्या घरात वाढलेल्या मुलांस ते सहजच मिळेल, असे आपल्याकडे पुष्कळांस वाटते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या १०५ व्या कलमाखाली नेमके अशाच शब्दांचे उदाहरण दिले आहे. ती देणगी रद्द होते, मुलांसकट! घर मग ज्यास उरलेली मिळकत दिली असेल त्याच्याकडे, तशी व्यवस्था नसल्यास कायदेशीर वारसांकडे जाते.

पोटच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याचे अपत्य मागे हयात असेल, तर १०९ व्या कलमान्वये तो बापामागून लगेच वारला असे मानून देणगी टिकवितात. मात्र ती मुलाच्या मिळकतीत जमा होते. त्याने स्वतः मृत्युपत्र केले नसल्यास सुनेचा व त्याच्या आईचाही तीत वाटा निघतो. पुतण्या वंशज नसल्याने त्यास हे कलम लागत नाही. त्याच्यासाठी ‘तो माझ्या आधी वारल्यास हे घर त्याच्या मुलांस द्यावे’ असे स्वतंत्र वाक्यच हवे. ते राहून गेले असल्यास काकांनी हयातीत, शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी पुरवणी मृत्युपत्र करावे, असे आम्ही सुचवितो.