नवाचा ताळा आणि सहाशेतीस रुपयांचा फरक

लांबलचक बेरीज केली, उत्तर आले, आता ते बरोबर आहे का पाहायचे. बहुतेक जण तीच बेरीज त्याच क्रमाने पुन्हा करतात, आणि बऱ्याचदा तीच चूक पुन्हा होते. सात आणि आठची बेरीज एकदा चौदा धरली गेली, की दुसऱ्या फेरीतही नजर त्याच दोन आकड्यांवर त्याच क्रमाने येते आणि मन चौदाच म्हणते. म्हणून जुने हिशेबनीस रकाना वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा मिळवतात. वाट बदलली की आकड्यांच्या जोड्या बदलतात आणि चूक लपत नाही. उत्तर तपासायचे तर तपासणीची वाट वेगळी हवी. ही गोष्ट आपल्याकडच्या गणितींना फार पूर्वी कळली होती.

पूर्वी धूळपाटीवर हिशेब करताना मधले आकडे पुसून त्या जागी नवे लिहीत. शेवटी पाटीवर फक्त उत्तर उरे, पायऱ्या गेलेल्या असत. मग फक्त प्रश्नातल्या संख्या आणि उत्तर हाताशी धरून तपासता येईल अशी रीत हवी होती. ती म्हणजे नवाचा ताळा. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या दहाव्या शतकातल्या ग्रंथात ती आहे. पुढे इटलीतल्या फिबोनाचीने 1202 साली भारतीय अंकांची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला, त्यातही नवाने ताळा पाहायला शिकवले आहे.

रीत सोपी आहे. 347 गुणिले 68 घेऊ. 347 मधल्या अंकांची बेरीज 14, पुन्हा मिळवले की 5. 68 चीही बेरीज 14, म्हणजे 5. पाच पाचे पंचवीस, आणि दोन नि पाच सात. म्हणजे गुणाकाराच्या उत्तराचे अंक मिळवत गेलो की शेवटी 7 उरायला हवेत. उत्तर आहे 23,596. अंकांची बेरीज 25, म्हणजे 7. ताळा जमला. शंभराच्या घरात एक कमी धरून कोणी 23,496 लिहिले असते, तर 24 म्हणजे 6 उरले असते आणि चूक उघडी पडली असती.

हे का जमते? दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव अधिक एक. म्हणून 300 मधून नवाचे सगळे गट काढले की 3 उरतात आणि 40 मधून काढले की 4. संख्येला नवाने भागल्यावर जी बाकी उरेल, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागल्यावर उरते. अंक मिळवणे म्हणजे नवाने भागण्याची सोपी युक्ती आहे, आणि संख्यांच्या बाक्या गुणल्या की गुणाकाराची बाकी मिळते.

पण याच कारणाने या ताळ्यात एक भोक राहते. अंकाची जागा नवाला दिसत नाही. 23,596 ऐवजी हात घसरून 23,956 लिहिले गेले, तर अंक तेच, बेरीज तीच 25, ताळा जमतो आणि उत्तर मात्र चुकलेले. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. 347 ला 8 ने गुणून 2,776 आले, 6 ने गुणून 2,082 आले आणि दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवायची राहून गेली. बेरीज आली 4,858. अंकांची बेरीज पुन्हा 25, उरतात 7! खरे उत्तर याच्या जवळपास पाचपट आहे, तरी नवाचा ताळा काही बोलत नाही. तिथे अंदाज कामी येतो. साडेतीनशे गुणिले सत्तर म्हणजे साडेचोवीस हजार, तेव्हा पाच हजारांच्या आतले उत्तर शक्यच नाही. माझ्या मते मुलांना ताळा शिकवताना हा अंदाज आधी घ्यायला लावावा.

अदलाबदल पकडायला अकराचा ताळा आहे. उजवीकडून सुरुवात करून अंक एक आड एक मिळवायचे आणि वजा करायचे. 347 चे 7 वजा 4 अधिक 3, म्हणजे 6. 68 चे 8 वजा 6, म्हणजे 2. गुणाकार 12, अकरा काढले की 1. आता 23,596: 6 वजा 9 अधिक 5 वजा 3 अधिक 2, म्हणजे 1. जमले. 23,956 घेतले तर 6 वजा 5 अधिक 9 वजा 3 अधिक 2, म्हणजे 9. चूक सापडली. इथे अंकाची जागा बदलली की चिन्ह बदलते, म्हणून शेजारच्या अंकांची अदलाबदल लपत नाही.

नवाचे हे भोक हिशेबाच्या वहीत मात्र उलट्या बाजूने उपयोगी पडते. समजा, एका सोसायटीच्या खतावणीवरून तेरीज काढली. नावे बाजू 86,430 रुपये आणि जमा बाजू 85,800 रुपये. फरक 630. सगळी वही पहिल्या पानापासून तपासायला बसण्याआधी या फरकाकडेच नीट पाहावे.

पहिला प्रश्न, 630 ची एखादी नोंद एकाच बाजूला लिहायची राहिली आहे का? दुसरा, निम्मे म्हणजे 315 ची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का? कारण तसे झाले तर फरक दुप्पट दिसतो. यात काही सापडले नाही, तर नवाने भागून पाहावे. 630 ला नवाने नि:शेष भाग जातो आणि 70 येतात. आकडे उलटे पडले किंवा शून्य गळले, तर फरक नेहमी नवाच्या पटीत येतो, त्यामुळे आता संशय तिकडे जातो. 700 ऐवजी 70 लिहिले गेले असतील, किंवा शतक आणि दशक स्थानाचे अंक अदलाबदल झाले असतील. त्या दोन अंकांतला फरक 7 असणार, म्हणजे 70, 81, 92 किंवा यांच्या उलट जोड्या. शेकडो नोंदींतून आता मोजक्याच पाहायच्या राहतात. जमा बाजूला वर्गणीची एक रक्कम 4,180 दिसते. कीर्दीत पाहिले तर 4,810. सापडली.

फरक नवाच्या पटीत नसेल, तर शोध दुसरीकडे वळवावा. असेल, तरीही तो फक्त संशय असतो, कारण दोन वेगळ्या चुकांची बेरीजही योगायोगाने नवाच्या पटीत येऊ शकते.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे मात्र मुळीच नाही. नोंद पूर्णच राहिली, तर दोन्ही बाजू सारख्याच कमी होतात. विजेचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात पडला, तरी बेरीज तीच राहते. दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली, तरीही तसेच. आणि पावतीवरचे 4,810 वाचताना 4,180 वाचून दोन्ही बाजूंना तेच लिहिले, तर तेरीज अगदी समतोल दिसते.

संगणकावरच्या हिशेबात हा शेवटचा प्रकारच जास्त लक्ष देण्याजोगा आहे. तिथे रक्कम एकदाच भरायची असते आणि दोन्ही बाजू आपोआप लिहिल्या जातात, त्यामुळे तेरीज नेहमी जुळतेच. मग बाहेरचा कागद घ्यावा लागतो. महिनाअखेरीस बँकेचे पासबुक समोर ठेवून वहीतली शिल्लक पडताळावी. न वटलेले धनादेश आणि वहीत न घेतलेले बँक शुल्क बाजूला काढले, तरी 630 उरत असतील, तर पुन्हा नवाने भागून पाहावे आणि शतक–दशकात 7 चा फरक असलेल्या रकमांच्या पावत्या फायलीतून काढाव्यात.